त्याच गॅलरीतून दिसलेला बाप

अमेरिकेच्या दक्षिण भागातलं मेकोम नावाचं एक काल्पनिक गाव. तिथल्या कोर्टात वर एक गॅलरी आहे, काळ्या लोकांनी बसायची. वकील ॲटिकस फिंचची गोरी मुलगी या गॅलरीतून आपल्या बापाला दोनदा बघते, एकदा लहानपणी आणि एकदा मोठेपणी. त्या दोन बघण्यांतून दोन वेगळ्या कादंबऱ्या झाल्या आहेत.

पहिली जगाला ठाऊक आहे: हार्पर लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, १९६०ची. काळ १९३५च्या आसपासचा. आठ-नऊ वर्षांची स्काउट भावाबरोबर गॅलरीत दाटीवाटीने बसलीय. खाली तिचे वडील टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाची बाजू लढतात आणि हरतात. सामान आवरून ते निघतात तेव्हा गॅलरीतला एकेक माणूस उठून उभा राहतो. शेजारचे पाद्रीबुवा पोरीला हलवून म्हणतात, ऊठ, तुझे वडील चाललेत. बाप म्हणजे काय चीज आहे, हे तिला लोकांच्या उभं राहण्यावरून कळतं.

दुसरी ‘गो सेट अ वॉचमन’. स्काउट आता सव्वीस वर्षांची जीन लुईज आहे, न्यूयॉर्कहून सुट्टीला घरी आलेली. वडील बहात्तरचे, संधिवाताने बोटं आखडलेली. त्यांच्या कागदांत तिला काळ्या लोकांविरुद्धचं एक गलिच्छ चोपडं सापडतं. ती तडक कोर्टात जाते, जिना चढून गॅलरीतल्या आपल्या जुन्या जागी बसते. खाली गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ची सभा चाललेली असते. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर दक्षिणेत अशी मंडळं भराभर निघाली होती. व्यासपीठावर एक वक्ता गरळ ओकतोय आणि त्याच टेबलाशी तिचे वडील शांतपणे बसलेत. बाहेर पडल्यावर तिला अक्षरशः उलटी होते.

आता खरी गंमत. हा दुसरा बाप आधी लिहिला गेला! लीने १९५७ साली प्रकाशकाकडे दिलं ते ‘वॉचमन’चं हस्तलिखित. संपादक टे होहॉफ यांना त्यातल्या बालपणाच्या आठवणींमध्ये जास्त जीव दिसला आणि त्यांनी लेखिकेला तिकडे वळवलं. पुढे दोनेक वर्षांच्या पुनर्लेखनातून ‘मॉकिंगबर्ड’ उभी राहिली. मूळ हस्तलिखित छापलं गेलं थेट २०१५ मध्ये. म्हणजे बाप-लेकीचं भांडण आधी लिहून झालं होतं. ज्याच्याशी भांडायचं तो लाडका बाप लेखिकेने मागे जाऊन घडवला. (म्हणून ‘वॉचमन’ला उत्तरार्ध म्हणणं मला पटत नाही. त्यात तर त्या जुन्या खटल्यातला आरोपी सुटलेला आहे.)

२०१५ साली वाचक हळहळले की आमचा ॲटिकस बिघडला. मला तसं वाटत नाही. ‘मॉकिंगबर्ड’ पुन्हा काढून बघा. ‘कू क्लक्स क्लॅन’चा विषय निघतो तेव्हा ॲटिकस मुलांना सांगतो की ती १९२०च्या सुमाराची एक राजकीय संघटना होती, कुणी घाबरेना म्हणून विरली. पोरगी ऐकते आणि पुढे जाते. आपणही जातो, कारण आपल्याला ऐकू येतं ते तिच्या कानांनी. ‘वॉचमन’मध्ये कळतं की हा गृहस्थ एकेकाळी स्वतःच क्लॅनच्या सभेला गेला होता, बुरख्यांमागे गावातलं कोण कोण आहे ते पाहायला, असा खुलासा. बाप बराचसा तोच आहे. कायद्यापुढे माणसाला न्याय मिळालाच पाहिजे आणि शेजारी मात्र आपापल्या जागी राहावेत, या दोन्ही गोष्टी त्याच्या पिढीच्या एकाच खिशात सुखाने मावत होत्या. न्यूयॉर्कला राहून आलेल्या मुलीच्या खिशात त्या मावेनात.

तिचा काका तिला सुनावतो की तू बापाला देव करून ठेवलंस, त्याचा विवेक तोच आपला मानलास. बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण होतं. ती वाटेल ते बोलते. आणि आपल्या लेकीने स्वतःच्या मताला चिकटून उभं राहावं अशीच आपली आशा होती, असं ॲटिकस नंतर तिला सांगतो. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

पण नव्या पिढीलाही लीने सोडलेलं नाही. त्याच भांडणात जीन लुईज कबूल करते की सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीही संतापली होती. त्याआधी ती कॅल्पर्नियाला भेटायला जाते. आईविना वाढलेल्या स्काउटला या काळ्या बाईनेच लहानाचं मोठं केलं. तिचा नातू गाडीखाली माणूस सापडल्याच्या प्रकरणात अडकलाय. कॅल्पर्निया तिच्याशी परक्या गोऱ्या पाहुणीशी बोलावं तसं अदबीने बोलते. शेवटी जीन लुईज विचारते, तू आमचा द्वेष करायचीस का? म्हातारी मान हलवून नाही म्हणते. बापाला जाब विचारणाऱ्या या मुलीला हा प्रश्न सव्वीस वर्षांत कधी पडला नव्हता.