नागीण येते कुठून? सव्वाशे वर्षांच्या शोधाचा मागोवा

वसमतच्या शिवारात हळद काढायची, शिजवायची आणि वाळत घालायची धांदल साधारण माघ-फाल्गुनात सुरू होते आणि चैत्रातही चालू राहते. कांजिण्यांची साथही याच सुमाराला येते. एका घरातल्या पोराच्या अंगावर पुरळ उठलं की दोन-तीन आठवड्यांत शेजारच्या घरातलं पोरही अंथरूण धरतं. नागिणीचं तसं नाही. ती आषाढात निघते, दिवाळीत निघते, गावात कांजिण्यांचं एकही पोर नसतानाही निघते, आणि बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला गाठते. शेजारच्याची नागीण आपल्याला लागली, असं सहसा घडत नाही. हा हंगामाचा फरक छोटा वाटतो, पण नागीण बाहेरून येत नाही, ती माणसाच्या स्वतःच्याच जुन्या कांजिण्यांतून उठते, हे ओळखायला तो फार उपयोगी पडला. ही ओळख पटायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

दोन आजारांचं नातं पहिल्यांदा नजरेत आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांना दिसलं, की घरात मोठ्या माणसाला नागीण निघाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या लहान मुलांना कांजिण्या येतात. 1925 मध्ये कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातलं पाणी लहान मुलांना टोचून पाहिलं आणि त्यातल्या काहींना खरोखरच कांजिण्या आल्या. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, देऊही नये. पण दोन्ही फोडांत एकच जंतू असावा, हे त्यातून दिसलं. 1950च्या दशकात थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांच्या फोडांतून विषाणू वेगळा काढून वाढवला आणि तो एकच असल्याचं दाखवलं.

इथे एक रास्त शंका उरते. विषाणू एकच असला, तरी म्हातारपणी तो नव्याने बाहेरून लागला नसेल कशावरून? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मोठ्या प्रयोगशाळेतून नाही, तर इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरकडून आलं. एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सोळा वर्षं ठेवली आणि 1965 मध्ये ती मांडली. नागिणीला हंगाम नाही, कांजिण्यांच्या साथीबरोबर ती वाढत नाही, वय वाढेल तसं तिचं प्रमाण मात्र चढत जातं, हे त्या नोंदींतून दिसलं. त्यांच्या हिशेबाने पंच्याऐंशीपर्यंत जगणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती कधी ना कधी निघते. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली: कांजिण्यांचे फोड जिथे सर्वांत दाट येतात, म्हणजे धड आणि चेहरा, तिथेच पुढे नागीणही जास्त निघते. त्यांचं अनुमान असं, की लहानपणी फोडातला विषाणू त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरतो, पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठीत जाऊन बसतो आणि दशकानुदशकं गप्प राहतो. त्याला दाबून ठेवणारी शरीराची ताकद वयाने, कर्करोगाच्या औषधांनी, दीर्घकाळच्या स्टिरॉइडने किंवा एचआयव्हीने उणावली, की तो त्याच वाटेने त्वचेकडे परततो. पुढे 1980च्या दशकात मृतांच्या मज्जागाठींमध्ये विषाणूचा डीएनए सापडला. 1984 मध्ये एकाच रुग्णाच्या आधीच्या कांजिण्या आणि नंतरची नागीण यांतल्या विषाणूंचे डीएनए ताडून पाहिले, तर ते एकच निघाले. माझ्या मते वाद तिथे मिटला.

हे कळलं की आपल्याकडच्या एका जुन्या भीतीचंही उत्तर मिळतं. नागिणीने कमरेला वेढा घातला आणि तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, असं अजूनही सांगतात. पण कण्यालगतच्या प्रत्येक गाठीतून निघणारा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या एका पट्ट्याला जातो आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेशी थांबतो. विषाणू एका गाठीतून उठतो, म्हणून फोडही डाव्या किंवा उजव्या पट्ट्यातच राहतात आणि मध्यरेषेशी अडतात. वेढा सहसा पुरा होत नाही. फोड दोन्ही बाजूंना किंवा सगळ्या अंगभर पसरले, तर मात्र प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे असं समजून तातडीने मोठ्या दवाखान्यात जायला हवं. भीतीत तेवढाच खरा अंश आहे.

दूर्वा आणि तांदळाच्या लेपाने नागीण बसते, असं अनुभवाने सांगणारे भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण फोड दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचे आपोआपच वाळतात. लेपाला श्रेय जातं आणि मधले मोलाचे दिवस वाया जातात. समजा, बासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला उजव्या बरगड्यांखाली आग होऊ लागली. तो म्हणतो, हळदीची पोती उचलताना लचक भरली. कापड घासलं तरी कातडी झोंबते, पण वर काहीच दिसत नाही. तीन दिवसांनी त्याच पट्ट्यात लाल चट्टे आणि त्यांवर पाणीदार फोडांचे घोस उठतात. इथून बहात्तर तास महत्त्वाचे. या काळात असायक्लोव्हिर सुरू झालं (प्रौढांना सहसा 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात), तर विषाणूची वाढ रोखली जाते, फोड लवकर वाळतात आणि तीव्र वेदनेचा काळ आखडतो. फोड गेल्यावर महिनोन्‌महिने उरणारी आग मात्र या औषधाने हमखास टळत नाही. ती विषाणूने दुखावलेल्या मज्जातंतूची असते, आणि साठीनंतर तिचा धोका वाढतो. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले, तर एक दिवसही थांबू नये, कारण तोच मज्जातंतू डोळ्याकडे जातो आणि दृष्टी धोक्यात येऊ शकते.

आणखी एक आक्षेप निघतो: विषाणू आपलाच, मग रुग्णाला वेगळं ठेवायचं कशाला? नागिणीपासून कोणाला नागीण होत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला त्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकावेत आणि तान्ही बाळं व कांजिण्या न आलेल्या गरोदर बायका यांना दूर ठेवावं. बाकीच्यांनी जेवणाचं ताट वेगळं करायचं कारण नाही.

होप-सिम्पसन यांचं एक अनुमान मात्र अजून पुरतं निकालात निघालेलं नाही. कांजिण्यांच्या पोरांच्या सहवासात मोठ्यांची प्रतिकारशक्ती पुन्हापुन्हा जागी होते, असं त्यांना वाटे. त्यावरून पुढे भीती निघाली, की मुलांना कांजिण्यांची लस दिली तर मोठ्यांत नागीण वाढेल, आणि ब्रिटनने बराच काळ मुलांना सरसकट लस न देण्यामागे हे एक कारण होतं. अमेरिकेत 1995 पासून मुलांना लस दिली जाते. तिथे नागीण वाढली खरी, पण ती लस येण्याच्या आधीपासूनच वाढत होती आणि लसीनंतर तिचा वेग वाढल्याचं दिसलं नाही. शिवाय लस घेतलेल्या मुलांना स्वतःला नागीण कमीच होते. ब्रिटनच्या सल्लागार समितीनेही 2023 मध्ये मुलांच्या लसीची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती अजून नाही, म्हणून वसमतमधली आजची पोरंही बहुधा कांजिण्या काढूनच मोठी होणार, आणि तो विषाणू त्यांच्या कण्यालगत बसणार. प्रौढांसाठीची नवी लस भारतात 2023 पासून मिळते. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. मोठ्या चाचणीत तिने नागीण नव्वद टक्क्यांहून अधिक टाळली, पण दोन डोसांना हजारो रुपये पडतात आणि सरकारी दवाखान्यात ती सहसा मिळत नाही. ती सहज मिळेपर्यंत हिंगोली जिल्ह्यातल्या साठीच्या माणसाच्या हाती पहिले बहात्तर तास आहेत, आणि ते ओळखता यावेत म्हणून एका बाजूची ती आग.