साठ मुले, सहा महिने आणि एक प्रस्ताव

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुले काही ठिकाणी आजी-आजोबांजवळ राहतात, काही ठिकाणी आईबापांबरोबर कोपीवर जातात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे असतात, वर्गात ती नसतात.

अशा भागातल्या एखाद्या देवस्थानाकडे मात्र नेमक्या याच काळात मोकळी जागा असते. यात्रेपुरते भरणारे भक्तनिवास, अन्नछत्राचा मोठा मुदपाकखाना, भाविकांनी दिलेले धान्य. विश्वस्तांच्या बैठकीत कोणीतरी सुचवते की मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामापुरते वसतिगृह चालवू आणि एखाद्या कंपनीकडून सीएसआरचा निधी मागू. कल्पना चांगली असते. पण कंपनीकडे जाणारा पहिला कागद बहुतेक वेळा देवस्थानाच्या इतिहासाने सुरू होतो आणि ‘सढळ हाताने मदत करावी’ या विनंतीवर संपतो. अशा पत्रावर निधी मिळत नाही. तो मिळण्यासाठी जो प्रस्ताव लागतो, तो कसा उभा राहतो हे पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. देवस्थान काल्पनिक आहे, रकमाही उदाहरणादाखल आहेत. कायदे आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

अडचणींची सुरुवात प्रस्ताव लिहिण्याआधीच होते. महाराष्ट्रातली बहुतेक देवस्थाने 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असतात. (शिर्डी, सिद्धिविनायक आणि पंढरपूर यांना स्वतंत्र कायदे आहेत, तिथला कारभार वेगळा.) कंपनीचा माणूस सर्वांत आधी परिशिष्ट 1 चा उतारा मागतो. त्यात कधी कधी दिवंगत झालेल्या विश्वस्तांची नावे अजून तशीच असतात, कारण नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज दाखलच झालेला नसतो किंवा वादामुळे वर्षानुवर्षे पडून असतो. करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर कागदावर नसेल तर पुढचे सगळे थांबते. दुसरा प्रश्न उद्दिष्टांचा. घटनेत फक्त पूजाअर्चा, उत्सव आणि जीर्णोद्धार एवढेच लिहिले असेल, तर शिक्षणासाठी वसतिगृह चालवणे त्या चौकटीत बसवता येत नाही. आधी धर्मादाय आयुक्तांकडून योजनेत दुरुस्ती करून घ्यावी लागते.

तिसरा अडथळा प्राप्तिकराचा. 2021 पासून सीएसआरचा निधी राबवणाऱ्या संस्थेला कंपनी कामकाज मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. कंपनीशी संबंध नसलेल्या विश्वस्त संस्थेला त्यासाठी 12ए नोंदणी, 80जी मान्यता आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने 80जी मान्यतेच्या संस्थेला धार्मिक कामावर उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच खर्च करण्याची मुभा दिली होती. ज्याचा मुख्य खर्चच नित्यपूजा आणि उत्सव आहे, ते देवस्थान यात बसणे अवघड. म्हणून अनेक देवस्थाने सेवाकार्यासाठी वेगळा धर्मादाय न्यास नोंदवतात. आपल्या नमुन्यातल्या देवस्थानाचाही असा न्यास आहे आणि तो चार वर्षे तालुक्याच्या गावी गरीब विद्यार्थ्यांची मोफत खानावळ चालवतो. अनुभवाच्या रकान्यात लिहायचे ते हेच. अन्नछत्राची परंपरा कितीही जुनी असली, तरी निवासी मुले सांभाळण्याचा अनुभव म्हणून ती मोजली जाईलच असे नाही.

आता प्रस्तावाचा गाभा. न्यासाच्या पहिल्या मसुद्यात ‘60 मुलांना सहा महिने निवास व दोन वेळचे भोजन’ हा परिणाम म्हणून लिहिलेला होता. अन्नदानात पानांची संख्या हाच हिशोब असतो, त्यामुळे हे लिहिणे साहजिक होते. पण 180 दिवस 60 मुले जेवली म्हणजे 10,800 दिवसांचे जेवण झाले, इतकेच यातून कळते. ते झालेले काम आहे. जेवणारे मूल एरवी फडावर गेले असते का, ते शाळेत बसले का, बसून काही शिकले का, हे त्यातून कळत नाही. परिणाम म्हणून लिहायचे ते हेच तीन प्रश्न आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा.

पहिला प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ज्या मुलांची आजी घरी धडधाकट आहे, ती वसतिगृह नसते तरी गावातच राहिली असती. ज्या मुलीला धाकटे भावंड आहे, तिला मात्र आई बरोबर नेते, कारण आई पहाटे फडात उतरल्यावर तान्ह्याला सांभाळणारे दुसरे कोणी नसते. निवड शिक्षकांच्या शिफारशीवर सोडली तर हुशार, नियमित येणारी मुले आधी भरतात. आकडे छान दिसतात आणि ज्या मुलीसाठी हे सारे करायचे ती कोपीवरच राहते. न्यासाने म्हणून निवडीचा निकष उलटा ठेवला: मागच्या हंगामात नोव्हेंबर ते मार्च ज्यांची गैरहजेरी सर्वांत जास्त, त्यांना आधी जागा. निम्म्या जागा मुलींना. तरीही तान्ह्या भावंडाचा प्रश्न सुटत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना वसतिगृहात ठेवण्याची या न्यासाची तयारी नाही, आणि ती मर्यादा प्रस्तावात स्पष्ट लिहिलेली बरी. ती लपवली तर जानेवारीत मुलींच्या रिकाम्या खाटा ती दाखवतातच.

शाळेत बसण्याचा पुरावा हजेरीपटातून मिळतो. त्याच मुलांची मागच्या वर्षीची त्याच महिन्यांची हजेरी काढून ठेवायची आणि यंदाची तिच्याशेजारी मांडायची. शिकण्याचा पुरावा म्हणजे साधा परिच्छेद वाचता येणे आणि हातच्याची वजाबाकी जमणे, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, शक्यतो वसतिगृहाबाहेरच्या शिक्षकाने तपासलेले. ही सुरुवातीची नोंद टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरातच घ्यावी लागते. निधी नोव्हेंबरात मंजूर झाला तर ती वेळ गेलेली असते. म्हणून न्यासाने हे पहिले सर्वेक्षण स्वतःच्या पैशाने करायचे ठरवले.

अंदाजपत्रकात सर्वांत मोठी ओळ जेवणाची. दिवसाला 70 रुपये धरले तर 10,800 दिवसांचे 7,56,000 रुपये होतात. यातले 30 रुपये धान्य आणि इंधनाच्या रूपाने न्यास उचलतो, म्हणजे 3,24,000 रुपये. गृहपाल, स्वयंपाकी, संध्याकाळच्या वर्गाचे शिक्षक, अंथरूण-पांघरूण, आरोग्य तपासणी, स्वच्छतागृहांची दुरुस्ती, प्रवास आणि लेखापरीक्षण मिळून आणखी 9,07,000. एकूण 16,63,000, कंपनीकडे मागणी 13,39,000 रुपयांची. एका मुलामागे सहा महिन्यांचा खर्च सुमारे 27,700 रुपये.

भक्तनिवासाच्या खोल्यांचे भाडे यात धरलेले नाही. काही संस्था स्वतःच्याच इमारतीचे बाजारभावाने भाडे लावून आपला हिस्सा फुगवतात, आणि अंदाजपत्रक तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसते. याच्या उलट चूकही सर्रास होते. कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर असलेली 5 टक्क्यांची मर्यादा आपल्यालाच लागू आहे असे समजून संस्था हिशोबनीस आणि गृहपालाचा पगार काढून टाकते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. मुलांजवळ रात्री राहणारी गृहपाल बाई हा प्रशासकीय खर्च नव्हे, तोच कार्यक्रम आहे. सेवेकरी कितीही निष्ठावान असले तरी मुलींच्या खोल्यांची जबाबदारी पगारी, पोलीस पडताळणी झालेल्या बाईकडेच हवी.

दोन प्रश्न कंपनी हमखास विचारते. एक, जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहे आहेत, राज्य सरकारची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, मग हे दुसरे कशाला? याला उत्तर यादीनेच देता येते: कोणत्या गावांत त्या सोयी नाहीत, आणि एकाच मुलाचा खर्च दोन ठिकाणी पडणार नाही याची तपासणी शाळेचे मुख्याध्यापक कशी करतील. दुसरा प्रश्न धर्माचा. वसतिगृहात कोणत्याही धर्माचे, जातीचे मूल येईल आणि आरतीला बसणे ऐच्छिक असेल, हे लिहून द्यावे लागते. मंदिराचे आणि प्रकल्पाचे बँक खातेही वेगळे ठेवावे लागते. एकाच कोठीतून यात्रेचा महाप्रसाद आणि मुलांचे जेवण निघत असेल, तर साठ्याच्या वह्या दोन हव्यात.

त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. संक्रांतीच्या सुमारास काही मुले आईबापांकडे फडावर जातात, काही परत येत नाहीत. त्या आठवड्यात वसतिगृहाची हजेरी घटली आणि तांदळाचा खप मात्र तेवढाच राहिला, तर दोन्हींपैकी एक नोंद खोटी आहे. कागदावर पूर्ण भरलेले वसतिगृह पकडायला याहून सोपी खूण नाही. न्यासाच्या समितीने म्हणून दर महिन्याला हजेरी आणि साठा एकाच पानावर पाहायचे ठरवले. कंपनीला तिमाही अहवाल जाईल, त्याबरोबर सनदी लेखापालाने सही केलेले विनियोग प्रमाणपत्र. मुलांचे चेहरे छायाचित्रांत येणार नाहीत, नावांऐवजी क्रमांक असतील. वसतिगृह सोडून गेलेल्या प्रत्येक मुलामागे मात्र एक ओळ असेल: कधी गेले, का गेले, परत आणायला कोण गेले होते.

एक गाठ तारखांची आहे. हंगाम एप्रिलपर्यंत चालतो, कंपनीचे वर्ष 31 मार्चला संपते. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले एवढ्याने कंपनीचा खर्च पूर्ण होत नाही. ते प्रत्यक्ष वापरले गेले, असे तिच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. म्हणून मार्चअखेर बिले गोळा करण्याची धांदल उडते आणि एप्रिलचे धान्य घाईने मार्चमध्ये खरेदी होते. प्रस्तावात सुरुवातीलाच हा एकाहून अधिक वर्षे चालणारा प्रकल्प म्हणून मंजूर करून घेतला, तर कंपनी उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवू शकते आणि पुढे तीन वर्षांत वापरू शकते. न्यासाने मग तीन हंगामांचा आराखडा दिला आणि दरवर्षीचे हप्ते ठरवले: निम्मी रक्कम ऑक्टोबरात, 40 टक्के जानेवारीच्या अहवालानंतर आणि उरलेले 10 टक्के जुलैत.

शेवटचा हप्ता जुलैत ठेवण्याची सूचना न्यासाचीच होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या 60 पैकी किती मुले पुढच्या वर्गात हजर आहेत, हे मुख्याध्यापकांच्या सहीने कळवायचे आणि त्यानंतरच ते पैसे घ्यायचे.