रात्री दोनचं काम आणि पोचल्याचा फोन

माझ्या ओळखीतल्या एका घाऊक औषधविक्रेत्याकडे दिवसाला हजारभर बिलं फाटतात. ती दुकानातल्या संगणकावर, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठतात. हिशेबनीस मात्र दुसऱ्या इमारतीत बसतात आणि त्यांच्या मशीनवर कालची बिलं सकाळी आठच्या आत उतरलेली असावी लागतात. म्हणजे रात्री दोनच्या सुमारास, सगळं शांत असताना, एका मशीनवरचा डेटा दुसरीवर नेऊन ठेवायचा. काम एवढंच. पण ते रोज सुरू कुणी करायचं, यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. एकाचं म्हणणं क्रॉन पुरे, दुसऱ्याला एअरफ्लो हवा होता, आणि मालकांच्या भाच्याने क्लाउडमधल्या टायमरचा आग्रह धरला होता.

क्रॉन या तिघांत वयाने सगळ्यात मोठा. 1979 सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता आणि आजही जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर आयता मिळतो. दर मिनिटाला जागा होतो, आपली यादी पाहतो, या मिनिटाचं काही असेल तर ते सुरू करतो आणि पुन्हा झोपतो. यादीतली एक ओळ अशी असते:

```
0 2 * * * /usr/bin/flock -n /tmp/bills.lock /home/seva/copy_bills.sh
```

पहिले पाच रकाने मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार यांचे. शून्य मिनिटं, दोन तास, बाकी सगळं ‘कोणतंही’, म्हणजे रोज रात्री दोन. मधला `flock` दाराला कडी लावतो. कालची नक्कल अजून चालूच असेल, तर आजची आत शिरत नाही. ही कडी क्रॉन स्वतः लावत नाही, आपण लावायची.

आमच्या दुकानात क्रॉनने पहिला धडा दिला तो घड्याळाचा. संगणक बसवणाऱ्याने घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर ठेवलं होतं. त्यामुळे यादीतले ‘दोन’ आपल्याकडे सकाळी साडेसातला वाजत. मग कुणीतरी शहाणपणाने वेळ बदलून `30 20` केली. यूटीसीचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले दोन, तेव्हा वेळ बरोबर झाली. तारीख मात्र चुकली. आपल्याकडे 15 तारखेची पहाट होती, मशीनच्या लेखी अजून 14 तारखेची रात्र. स्क्रिप्ट ‘काल’ची बिलं मागायची आणि तिला 13 तारखेची मिळायची. आठवडाभर हिशेबनीस एक दिवस शिळी बिलं जुळवत बसले होते, आणि नोंदवहीत कुठेही चूक दिसत नव्हती. दुरुस्तीनंतरची स्क्रिप्ट अशी:

```
#!/bin/bash
set -euo pipefail
DAY=${1:-$(TZ=Asia/Kolkata date -d yesterday +%F)}
psql shop -c "COPY (SELECT * FROM bills WHERE bill_date = '$DAY') TO STDOUT" | gzip > "/data/bills-$DAY.gz"
```

तिसऱ्या ओळीचा अर्थ असा की बाहेरून तारीख दिली असेल तर ती घे, नसेल तर भारतीय वेळेनुसार कालची. ही ओळ पुढे फार उपयोगी पडणार आहे. दुसरी ओळ दिसायला किरकोळ, पण तिच्यातल्या `pipefail` शब्दासाठी मी कुणाशीही भांडेन. शेवटच्या ओळीत दोन कारागीर एकामागे एक उभे आहेत. `psql` बिलं काढून देतो आणि `gzip` ती दाबून फाइलमध्ये भरतो. डेटाबेस बंद असला तर पहिल्याच्या हाती काहीच येत नाही, पण दुसरा काहीच नसलेलंही मन लावून दाबतो आणि ‘झालं’ म्हणून सांगतो. शेल डीफॉल्टने शेवटच्या माणसाचाच शब्द धरतं. परिणामी काम यशस्वी, फाइल जागेवर, नावात तारीखही बरोबर. फक्त तिचं वजन 20 बाइट. रिकाम्या gz फाइलचं वजन एवढंच भरतं. बॅकअपच्या फोल्डरमध्ये 20 बाइटच्या फायली एका रांगेत दिसल्या, की समजावं, इथे बरेच दिवस कुणी डोकावलेलं नाही. `pipefail` घातला की रांगेतला कुणीही पडला तरी सगळं काम पडलं असं धरलं जातं.

(जाता जाता: ही तारखेची करामत थेट क्रॉनच्या यादीत लिहू नये. तिथे `%` या चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो आणि आज्ञा मध्येच तुटते. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ती अडचण नाही.)

क्रॉनची आणखी एक सवय. दोन वाजता मशीन बंद असेल, तर ते काम त्या दिवसापुरतं बुडालं. मशीन नंतर चालू झाल्यावर क्रॉन मागचं काही आठवत बसत नाही. आमच्याकडे नवा मुलगा दुकान वाढवताना मेन स्विचच खाली करून जायचा, त्यामुळे ही सवय लवकर कळली.

काम पडलंच, तर क्रॉन कुणाला सांगतो? कामाने जे काही छापलं असेल ते तो ईमेलने पाठवतो, आणि मशीनवर मेलची व्यवस्थाच नसेल तर ते हवेत जातं. हा निरोप न पोचल्याने काय होतं, याचं जाहीर उदाहरण गिटलॅब या कंपनीचं आहे. 31 जानेवारी 2017 रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप काढायला गेले तर तो नव्हताच. बॅकअप घेणारं `pg_dump` हे अवजार 9.2 आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे ते दर वेळी त्रुटी देऊन थांबत होतं. त्रुटीचे ईमेलही निघत होते. पण क्रॉनच्या त्या मेलना पाठवणाऱ्याची खातरजमा करणारी डीमार्कची व्यवस्था लागू केलेली नव्हती, म्हणून मेल स्वीकारणारा सर्व्हर ते परत लावत होता. योगायोगाने सहाएक तास आधी कुणी हाताने एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला तो गेलाच.

मी ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा भाचा म्हणाला, “म्हणूनच म्हणतो मामा, क्लाउडवर जाऊ या.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. ॲमेझॉनचा इव्हेंटब्रिज शेड्यूलर घेतला तर स्वतःचं मशीन रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, आणि `Asia/Kolkata` असं लिहिलं की घड्याळाचा घोळही मिटतो. पण टायमर हा सोसायटीतल्या दूधवाल्यासारखा. बेल वाजवतो, पिशवी दाराला लावतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. पिशवी आत घेतली का, दूध नासलं का, हे तो बघत नाही. त्याच्या पुन्हा प्रयत्न करण्याच्या सोयी आहेत त्या निरोप पोचवण्यापुरत्या. निरोप मिळाल्यावर काम अर्ध्यात पडलं, तर टायमरच्या लेखी सगळं ठीकच असतं. शिवाय त्याचं वचन ‘निदान एकदा’ बेल वाजवण्याचं आहे, ‘एकदाच’ असं नाही. क्वचित कधी दोनदा वाजली तर बिलं दोनदा उतरणार.

टायमरने ज्याला उठवायचं तो बहुधा लॅम्ब्डा असतो, आणि लॅम्ब्डाला एका खेपेला जास्तीत जास्त 15 मिनिटं मिळतात. आज सहा मिनिटांत होणारी नक्कल दिवाळीच्या गर्दीत सोळा मिनिटांवर गेली, की ती मध्येच कापली जाते. मोठ्या कामासाठी टायमरने कंटेनर सुरू करावा हे बरं. आमच्याकडे मात्र घोडं त्याच्याही आधी अडलं. बिलांचा संगणक दुकानातल्या राउटरच्या आत होता. आतून बाहेर जाता येतं, क्लाउडला बाहेरून आत येता येत नाही. डेटा मुळातच क्लाउडमध्ये असता, तर मी निमूटपणे भाच्याच्या बाजूने हात वर केला असता.

राहिला एअरफ्लो. 2014 मध्ये एअरबीएनबी कंपनीत तो सुरू झाला, पुढे अपाची प्रतिष्ठानकडे गेला. त्यात कामांची साखळी लिहायची. आधी हे, ते नीट झालं तरच ते, पडलं तर पाच मिनिटांनी पुन्हा, तीनदा. पडद्यावर रोजच्या धावा हिरव्या-लाल दिसतात. तीन दिवस मशीन बंद होतं असं कळलं, तर ते तीन दिवस निवडून प्रत्येक दिवस त्याच्या तारखेसह पुन्हा चालवता येतो. पण हा थाट चालवायला शेड्यूलर हवा, वेब सर्व्हर हवा, त्याचा स्वतःचा डेटाबेस हवा, आणि त्या डेटाबेसचाही बॅकअप हवा. एका नकलेसाठी एवढं म्हणजे घरच्या चार कप चहासाठी हॉटेल काढण्यातला प्रकार.

मग एअरफ्लो घ्यायचा कधी? माझी खूण क्रॉनच्या यादीतच असते. उद्या दुकानाच्या चार शाखा झाल्या, चौघींची बिलं आल्यावरच साठ्याचा अहवाल काढायचा आहे, आणि यादीत दोन, अडीच, तीन, सव्वातीन अशा वेळा लिहिल्या गेल्या. मधलं अंतर कशावरून ठरवलं? ‘तोवर होतंच’ यावरून. एका रात्री तिसऱ्या शाखेची लाइन रेंगाळते, सव्वातीनचं काम अपुऱ्या बिलांवर सुरू होतं आणि यशस्वीही होतं. सकाळी कुणाला शंकाही येत नाही, फक्त अर्ध्या औषधांचा साठा चुकीचा दिसतो. दोन कामांच्या मध्ये अंदाजाने सोडलेली मिनिटं दिसली, की क्रॉनचे दिवस भरले असं मी समजतो.

आम्ही क्रॉनच ठेवला. मेन स्विचवर चिकटपट्टी लावली. हिशेबाच्या मशीनवर बिलं उतरवताना त्या तारखेच्या आधीच्या ओळी पुसून नव्या भरायच्या, तेही एकाच व्यवहारात, असं ठरवलं. त्यामुळे एकच दिवस दोनदा किंवा दहादा चालवला तरी बिलं तेवढीच राहतात. बुडालेला दिवस भरून काढायला हाताने एवढंच लिहायचं:

```
./copy_bills.sh 2025-03-14
```

उद्या एअरफ्लो आणला तरी हीच स्क्रिप्ट, तारीख फक्त तो देईल.

उरला निरोपाचा प्रश्न. मुलगा रातराणीने पुण्याला निघाला की आई सांगते, “पोचलास की फोन कर.” बस बंद पडली तर कळव, असं ती सांगत नाही, कारण बस पडलेल्या ठिकाणी रेंज असेलच असं नाही. आमची नक्कल आता सगळी बिलं उतरल्यावर, दोन्हीकडच्या ओळी मोजून, आकडा जुळला तरच एका बाहेरच्या सेवेला `curl` ने खूण करते. healthchecks.io सारख्या सेवा हेच करतात. चारपर्यंत खूण आली नाही तर त्या आपल्याला हाक मारतात. मशीन बंद असो, वीज गेलेली असो की क्रॉनची ओळच कुणी पुसलेली असो, न आलेला फोन सगळ्यांत सारखाच कळतो.

गेल्या महिन्यात एकदा चार वाजून पाच मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. चिकटपट्टी सुटली होती.