आठवलेलं नाव, ओळखलेलं नाव

‘चहाचे कोणकोणते ब्रँड तुम्हाला ठाऊक आहेत?’ दारात उभी असलेली सर्वेक्षक एवढंच विचारते आणि थांबते. गृहिणी म्हणते, ‘सोसायटी... रेड लेबल...’ आणखी? ‘वाघ बकरी.’ पहिलं नाव वेगळं नोंदवलं जातं, कारण मनात सर्वांत वर तेच असतं. ही झाली विनासाहाय्य आठवण.

मग कार्ड पुढे येतं. त्यावर ‘गिरनार’ दिसताच ती म्हणते, ‘अगंबाई, हा तर आम्ही घेतो!’ ही साहाय्यित ओळख. तिचा आकडा जवळपास नेहमीच मोठा.

हा क्रम उलटला की घोटाळा होतो. कार्ड आधी दाखवलं, तर नंतरची ‘आठवण’ म्हणजे कार्डाची उजळणी. समजा, शंभरातल्या बाराजणींना एक छोटा ब्रँड आपणहून आठवतो. कार्डानंतर विचारलं तर त्या तीस होतील, पण ब्रँड होता तिथेच असेल. आधी जाहिरातीबद्दल विचारलं तरी तेच. म्हणून ऑनलाइन प्रश्नावलीत मागे जाण्याचं बटण बंद ठेवतात.

कार्डावरही वरच्या नावांना झुकतं माप मिळतं, म्हणून क्रम फिरवतात. कधी एक खोटं नाव पेरतात. तेही ‘ऐकलंय’ म्हणणारे निघतातच!

‘ऐंशी टक्के लोक आम्हाला ओळखतात’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा: यादी दाखवून की न दाखवता?