दुखणं पोटात आणि गोष्ट ओठात

आमच्या बोरी अरबमध्ये पोटात दुखलं की घरचे इलाज ठरलेले आहेत. आधी ओवा, मग सोडा, मग मेडिकलमधून गॅसची गोळी. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. ज्या दुखण्यात तेवढ्यानं भागत नाही, त्याची ही हकीकत आहे. ती मला माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईनं सांगितली. तिच्या परवानगीनं, नावगाव गाळून लिहिते आहे.

मुलगा सहावीत होता. आठवडाभर शाळेत आला नाही म्हणून मी घरी गेले, तर घराला कुलूप होतं आणि वडील यवतमाळला दवाखान्यात होते. शेजारी म्हणाले, "गॅसचा त्रास वाढला." पुढे बऱ्याच दिवसांनी त्या माउलीनं खरं काय ते सांगितलं.

वडील टेम्पो चालवत. वय अडतीस. गेली दहा वर्षं रात्री बाहेरच एक क्वार्टर घेऊन यायचे. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. त्या शनिवारी कापसाचं मोठं भाडं मिळालं, म्हणून दोन क्वार्टर झाल्या. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर छातीच्या खाली, बेंबीच्या वर दुखायला लागलं आणि अर्ध्या तासात असह्य झालं. कळ आरपार पाठीत जात होती. उलट्या होत होत्या, पण उलटीनंतरही हलकं वाटत नव्हतं. उताणं झोपवेना. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. ओवा झाला, सोडा झाला, गोळी झाली आणि रात्र तशीच गेली.

ही सगळी लक्षणं स्वादुपिंडाच्या सुजेची आहेत. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं असतं, म्हणून कळ पाठीत जाते. अन्न पचवणारे तीव्र रस तिथं तयार होतात. हे रस स्वादुपिंडात असेपर्यंत निद्रिस्त असतात आणि आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतात. वर्षानुवर्षांच्या दारूनं ही व्यवस्था बिघडते. रस जागच्या जागी जागे होतात आणि मांस पचवावं तसं स्वादुपिंडालाच पचवू लागतात. दारू पिणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, काहींनाच होतो. "अमका तर माझ्यापेक्षा जास्त पितो" हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. आपण त्या काहींपैकी आहोत की नाही, हे पहिल्या झटक्याआधी कळत नाही.

सोमवारी सकाळी यवतमाळला पोचल्यावर डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, कारण हृदयविकाराची कळही कधी कधी अशीच वाटते. तो ठीक निघाला. रक्तात लायपेज नावाचा घटक पाहिला. तो नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त होता. तशी कळ आणि असा रिपोर्ट, दोन्ही मिळून निदान झालं. मग सोनोग्राफी केली, कारण पित्ताशयातले खडेही हाच आजार करतात. स्वादुपिंडाला सूज आली म्हणजे माणूस पितोच, असं नाही. पण इथं खडे नव्हते.

डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतात का?" शेजारी सासूबाई उभ्या होत्या. ती म्हणाली, "तौबा, आमच्या घरात असलं काही नाही."

हे उत्तर महागात पडलं. झटक्यावर मुख्य उपचार म्हणजे सलाईन, वेदनाशामक आणि नीट देखरेख. ते चालूच होतं. पण रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत शरीर वेगळाच गोंधळ घालतं. मंगळवारी रात्री त्यांचे हात थरथरू लागले, घाम सुटला, भिंतीवर किडे दिसायला लागले आणि ते सलाईन ओढून पळू लागले. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना आधी कळलं असतं, तर पहिल्या दिवसापासून त्यासाठी औषधं आणि थायमिनची इंजेक्शनं देता आली असती. तेव्हा कुठे ती बाहेर जाऊन डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, रोज घेतात." तिथून उपचाराला दिशा मिळाली. नवव्या दिवशी ते घरी आले.

हे दैव चांगलं म्हणायचं. पाचांतल्या साधारण चौघांचा झटका सौम्य असतो आणि आठवडाभरात ओसरतो. एखाद्याचा मात्र गंभीर होतो. स्वादुपिंडाचा भाग सडतो, मूत्रपिंडं आणि फुफ्फुसं थकतात, आणि माणूस दगावूही शकतो.

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. दोन महिने गेले आणि संध्याकाळची बैठक पुन्हा सुरू झाली. आठ महिन्यांनी दुसरा झटका आला, पुढे तिसरा. मग एक विचित्र गोष्ट झाली. झटके सौम्य होत गेले, पण माणूस वाळत गेला. दर सुजेनंतर स्वादुपिंडात जखमेच्या वणासारखा कठीण भाग उरतो, त्यात खडे धरतात आणि रस बनवणाऱ्या पेशी कमी होतात. तो भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. रस कमी पडला की चरबी पचत नाही. शौच तेलकट, फिकट, फार दुर्गंधीचं होतं आणि पाण्यानं सहज वाहून जात नाही. भरपूर खाऊनही वजन उतरतं. पुढे इन्सुलिनही कमी पडतं आणि मधुमेह होतो. विडी-सिगारेट ही हानी आणखी वेगानं वाढवते.

आज ते चव्वेचाळीसचे आहेत आणि इन्सुलिन घेतात. त्यांच्या मधुमेहात साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त असतो, कारण साखर वर आणणारा संप्रेरकही स्वादुपिंडातच बनतो. म्हणून खिशात खडीसाखर असते. जेवताना पाचक रसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्या आधी किंवा नंतर घेऊन उपयोग नाही, घासाबरोबरच घ्यायच्या आणि चावायच्या नाहीत.

पहिल्या झटक्यानंतर काय करता आलं असतं? फिनलंडमधल्या तांपेरे शहराच्या डॉक्टरांनी याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. दारूमुळे पहिला झटका आलेल्या १२० रुग्णांशी दवाखान्यातच दारूबद्दल नीट बोलणं झालं. मग निम्म्यांना दर सहा महिन्यांनी बोलावून तेच बोलणं पुन्हा केलं. दोन वर्षांत, एकदाच बोललेल्या ६१ पैकी १३ जणांना पुन्हा झटका आला. वारंवार बोलावलेल्या ५९ पैकी फक्त ५ जणांना आला. म्हणजे एकदाच समजावून भागत नाही, विषय पुन्हा पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे मात्र माणूस घरी आला की तो विषयच बंद होतो, कारण तो काढला की इज्जत जाते असं वाटतं.

तेव्हा भगिनींनो, घरात कुणाला अशी आरपार कळ आली, उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी दारूचं विचारलं तर खरं सांगा. सगळ्यांसमोर जमत नसेल तर बाजूला घेऊन सांगा, किती आणि शेवटची कधी घेतली तेही. आणि रोज पिणाऱ्यानं सोडायचं ठरवलं, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडावं. एकाएकी तोडलं की काय होतं, ते वर आलंच आहे.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "बाजी, ज्यांच्यापासून लपवलं ते सगळे जनाज्याला आले असते. डॉक्टरला मात्र पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."