फिलिप्सची रेषा कुठे तुटली?

ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी 1958 मध्ये ब्रिटनची 1861 ते 1957 ची आकडेवारी मांडली: बेकारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. अमेरिकेत त्यावरून थोडी महागाई सोसून बेकारी घटवण्याचा हिशेब मांडला गेला. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांनी 1960 च्या दशकातच त्यातली खोट दाखवली. महागाई अनपेक्षित असते तोवर खरी मजुरी घटते आणि मालक माणसे घेतात. कामगार पुढची महागाई धरूनच पगार मागू लागले, की बेकारी मूळ पातळीवर परतते, महागाई मात्र चढीच राहते. 1969 मध्ये अमेरिकेत बेकारी 3.5 टक्के, महागाई सुमारे 5.5 टक्के होती. 1975 मध्ये? बेकारी 8.5, महागाई 9 टक्क्यांवर. यात 1973 च्या तेल-भडक्याचाही वाटा होताच. सगळे खापर अपेक्षांवर फोडता येत नाही.