परदेशी नोकरीचा एजंट: परवाना कोणता?

त्र्यंबकेश्वरहून आखाती देशात नोकरीसाठी निघालेल्या तरुणाला एजंट जीएसटी किंवा दुकान नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवतो आणि तोच परवाना समजला जातो. परंतु उत्प्रवास (नोकरीसाठी देशाबाहेर जाणे) अधिनियम, 1983 नुसार परदेशी भरतीसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र नोंदणी लागते. जमीन घेताना विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सऐवजी सातबारा सरकारी नोंदीत पाहतात, तसाच एजंटचा नोंदणी क्रमांक emigrate.gov.in वर पाहावा आणि तेथील दूरध्वनीवरच चौकशी करावी, कारण खऱ्या भरती संस्थेचा क्रमांक स्वतःच्या कार्डावर छापणे फसवणाऱ्याला अवघड नसते. नोंदणी खरी असली तरी परदेशातील मालक खरा ठरत नाही. म्हणून मागणीपत्र (मालकाने संस्थेकडे कामगार मागितल्याचे पत्र) मागून त्या कंपनीच्या अस्तित्वाची खात्री त्या देशातील भारतीय दूतावासाकडून करावी. पर्यटन व्हिसावर जाण्याचा आग्रह झाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.